ध्वनिटिपणापासून स्थानवार दोषसूचीपर्यंत: फेरीच्या भाषेचे नकाशाच्या भाषेत रूपांतर

इमारतीच्या पाहणीसाठी गेलेला अभियंता हल्ली कागदावर लिहीत बसत नाही. एका हातात विजेरी किंवा मोजपट्टी असते, दुसऱ्या हातात भ्रमणध्वनी. तो चालत जातो, पाहतो आणि जे दिसेल ते बोलून ठेवतो. आठ-दहा मिनिटांचे हे ध्वनिटिपण नंतर कार्यालयात कोणीतरी ऐकतो आणि त्यावरून दोषसूची तयार करतो. दुरुस्ती करणाऱ्या गवंड्याच्या हाती अखेर ही सूचीच पडते. म्हणून सूचीत जागा चुकली, तर नीट असलेली भिंत फोडली जाते आणि बिघडलेली तशीच राहते. हे काम वरवर लेखनिकाचे वाटते. प्रत्यक्षात ते भाषेच्या एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात केलेले रूपांतर होय, आणि त्यातील बहुतेक चुका अभियांत्रिकीच्या नसून भाषेच्या असतात. प्रस्तुत लेखात नांदेड-लातूर भागातील बोलण्याच्या धाटणीचा एक नमुना घेऊन हे रूपांतर टप्प्याटप्प्याने उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

१. फेरी आणि नकाशा

शार्लट लिंड आणि विल्यम लबॉव्ह या दोन भाषाशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी न्यूयॉर्कमधील रहिवाशांना आपापल्या घराची रचना सांगावयास लावली. बहुसंख्य लोकांनी घराचा आराखडा सांगितला नाही. त्यांनी ऐकणाऱ्याला घरातून फिरवून आणले. “दारातून आत आलात की डावीकडे स्वयंपाकघर, पुढे गेलात की झोपण्याची खोली,” अशा पद्धतीने ते बोलले. म्हणजे मनुष्य जागेविषयी बोलू लागला की तो स्वभावतः फेरीच्या भाषेत बोलतो. नकाशाच्या भाषेत क्वचितच.

अभियंत्याचे ध्वनिटिपण हे शुद्ध फेरीच्या भाषेतील असते. त्यात क्रम असतो तो काळाचा. प्रत्येक वाक्याचा अर्थ बोलणारा त्या क्षणी कोठे उभा आहे आणि कोणीकडे तोंड करून आहे यावर अवलंबून राहतो. कार्ल ब्यूलर याने १९३४ मध्ये भाषेतील दर्शक शब्दांचे जे विवेचन केले, त्यात ‘मी, येथे, आता’ या तिहींचा एक मूळबिंदू मानला आहे. ‘इथे’, ‘समोर’, ‘डावीकडे’, ‘मागे’ हे सारे शब्द त्या बिंदूपासून मोजले जातात. फेरीत हा मूळबिंदू बोलणाऱ्याबरोबर चालत असतो. दोषसूची मात्र नकाशाच्या भाषेत असते. तिला बोलणारा नसतो, काळ नसतो, फक्त जागा असते. ‘इथे’ हा शब्द सूचीत निरर्थक होय. तेव्हा रूपांतर करणाऱ्याचे मुख्य काम म्हणजे प्रत्येक वाक्याच्या वेळी मूळबिंदू कोठे होता हे ठरवून तो शब्द बोलणाऱ्यापासून सोडवणे आणि इमारतीला जोडणे.

२. नमुना

विवेचनासाठी लातूर जिल्ह्यातील एका दोन मजली शाळेची कल्पना करावी. इमारत पूर्व-पश्चिम लांब आहे. दक्षिणेस व्हरांडा असून सर्व खोल्यांची दारे त्या बाजूस आहेत. उत्तरेकडील भिंतीत प्रत्येक खोलीस दोन खिडक्या आहेत. तळमजल्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे १ ते ४ अशा खोल्या आहेत. जिना पूर्व टोकाला असल्यामुळे वरच्या मजल्यावरील क्रमांक जिन्यापासून, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे, ५ ते ८ असे पडले आहेत. त्यामुळे खोली ४ च्या वर खोली ५ येते आणि खोली १ च्या वर खोली ८. ही शाळा आणि पुढील टिपण हे दोन्ही नमुन्यादाखल रचलेले आहेत. अडचणी मात्र अशा टिपणांत नित्य आढळणाऱ्याच आहेत. वाक्यापुढील आकडे टिपणातील मिनिटे व सेकंद दर्शवतात.

०-१०: “एक नंबरच्या खोलीत आलो. दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीला, डाव्या कोपऱ्यात, उभी भेग आहे. खालून लिंटलपर्यंत. रुंदी दोन, नाही, तीन एमएम.”
०-४८: “हितं खिडकीखाली ओल आली, गिलावा फुगलाय.”
१-२०: “दोन नंबरला काही नाही.”
१-३५: “तीनमध्ये मधल्या बीमखालचं कव्हर सुटलं. सळई दिसती, गंज धरलाय. वीतभर जागा.”
२-१०: “चार नंबरलाबी तीच गत, पण सळई दिसत नाही.”
३-०५: “जिना. तिसऱ्या पायरीची धार तुटली. वर आलो. पहिल्या खोलीत छताला ओल, पंख्याच्या हुकाजवळ.”
४-३०: “शेवटच्या खोलीत मागच्या भिंतीला, उजवीकडं, नाही नाही, डावीकडं कोपऱ्यात भेग, खालच्यासारखीच. दोन एमएम.”
५-१५: “परत येताना, पाच-सहाच्या मधल्या भिंतीला केसासारख्या भेगा. फक्त गिलाव्याच्या दिसतात, पण तोडून बघा.”
६-४०: “बाहेर मागं आलो. पावसाच्या पाण्याचा पाइप खालून तुटलाय, एक नंबरच्या कोपऱ्याला. पाणी जोत्यालाच पडतंय. जोत्याभोवतीची फरशी बसली, दीड इंच.”
७-३०: “आणि हां, दोनमध्ये दाराची चौकट भिंतीतून सुटली, ते सांगायचं राहिलं.”

३. लिप्यंतर आणि वाक्यांची वर्गवारी

पहिला टप्पा शब्दशः उतरवून घेण्याचा. येथे सुधारणेचा मोह आवरावा लागतो. ‘हितं’, ‘लाबी’, ‘दिसती’ हे बोलीतील प्रयोग प्रमाण भाषेत बदलले तरी अर्थ बिघडत नाही. पण अडखळणे, थांबणे आणि दुरुस्त्या गाळल्या तर बिघडतो. ‘दोन, नाही, तीन एमएम’ यातील ‘नाही’ वाऱ्यात विरले की उरते ते ‘दोन तीन एमएम’. मराठीत लगतच्या दोन संख्या जोडून उच्चारल्या की त्यांचा अर्थ ‘अंदाजे’ असा होतो. एका निश्चित मापाची अशा रीतीने एक सैल कक्षा बनते. याच्या उलट प्रकार ५-१५ येथे दिसतो. ‘पाच-सहाच्या मधल्या भिंतीला’ या ठिकाणी पाच-सहा हा अंदाज नसून दोन खोल्यांचे क्रमांक आहेत. षष्ठीचा प्रत्यय आणि ‘मधल्या’ हा शब्द यांवरून ते कळते. हेच वाक्य ‘पाच-सहा केसासारख्या भेगा’ असे ऐकले गेले तर जागा नाहीशी होऊन तिच्या ठिकाणी संख्या उभी राहील.

मापांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक ठरते. प्रबलित काँक्रीटच्या संदर्भात आय. एस. ४५६ हे भारतीय मानक सर्वसाधारण परिस्थितीत पृष्ठभागावरील भेगेची रुंदी ०.३ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी असे सांगते. विटांच्या किंवा दगडाच्या भिंतीतील भेग मात्र अनेकदा मिलिमीटरांत मोजण्याइतकी रुंद असते. ‘पॉइंट तीन’ मधील ‘पॉइंट’ ऐकू आला नाही तर माप दहापट होते. म्हणून भेगेचे माप कोणत्या घटकावर घेतले आहे हे पाहूनच आकडा स्वीकारावा. बीमवरील भेगेला ‘तीन एमएम’ असे ऐकू आले तर ते वाक्य पुन्हा ऐकावे. सात, आठ आणि साठ हे शब्दही गोंगाटात एकमेकांच्या जागी ऐकू येतात.

दुसरा टप्पा वर्गवारीचा. टिपणातील प्रत्येक वाक्य चारपैकी एका प्रकारात बसते. ‘वर आलो’, ‘जिना’, ‘बाहेर मागं आलो’ ही स्थलांतरवाक्ये. ती दोष सांगत नाहीत, मूळबिंदू हलवतात. ‘गिलावा फुगलाय’ हे निरीक्षणवाक्य. ‘फक्त गिलाव्याच्या दिसतात’ हे अनुमानवाक्य. येथे ‘दिसतात’ या क्रियापदाचा अर्थ डोळ्यांना दिसणे असा नसून ‘असे वाटते’ असा आहे. ‘तोडून बघा’ हे आज्ञावाक्य. ही वर्गवारी काटेकोरपणे केली नाही तर अनुमान निरीक्षणाच्या रकान्यात जाऊन बसते. ‘भेगा गिलाव्यापुरत्या’ असे सूचीत लिहिले की ती खात्री झाली; अभियंत्याने मात्र शंका व्यक्त करून तपासणी सांगितली होती.

४. स्थानाची वही

तिसरा टप्पा हा या कामाचा गाभा होय. रूपांतर करणाराने टिपण ऐकत असताना शेजारी स्थानाची एक वही ठेवावी. तिच्यात पाच घरे असतात: मजला, खोली, घटक (भिंत, छत, बीम, पायरी), घटकावरील जागा आणि तोंड कोणत्या दिशेस. स्थलांतरवाक्य आले की संबंधित घर बदलते. निरीक्षणवाक्य आले की त्या क्षणी वहीत जे असेल ते त्या दोषाचे स्थान ठरते. नियम एवढाच की वरचे घर बदलले की त्याखालची सर्व घरे पुसावयाची. खोली बदलली की आधीच्या खोलीतील ‘उत्तर भिंत’ पुढच्या खोलीत आपोआप चालू राहत नाही.

हा नियम पाळला की अनुत्तरित जागा आपोआप उघड्या पडतात. ०-४८ येथे वहीत ‘खोली १’ आहे. खिडक्या उत्तर भिंतीतच असल्याने भिंतही निश्चित होते. पण खिडक्या दोन आहेत आणि ‘हितं’ या शब्दाने अभियंत्याने बोटाने दाखवलेली खिडकी ध्वनिमुद्रणात उतरलेली नाही. लगतचे वाक्य डाव्या कोपऱ्याविषयी होते, म्हणून डावी खिडकी असावी असे वाटते. पण वाटणे हे सूचीत लिहावयाचे नाही. तेथे ‘खिडकी कोणती ते ठरवावे’ असेच लिहावे लागते.

२-१० येथे ‘तीच गत’ या शब्दांनी आधीचे सारे वर्णन पुढच्या खोलीत नेले आहे. असे नेताना किती न्यावे? कव्हर सुटले एवढे निश्चित. सळई दिसत नाही असे स्पष्ट सांगितले आहे, त्यामुळे सळईवरील गंजही त्याबरोबर गळतो. जी सळई दिसत नाही तिचा गंज दिसणार नाही. ‘मधला बीम’ आणि ‘वीतभर’ हे मात्र तेथे नेता येत नाहीत, कारण साम्य दोषाच्या प्रकारात सांगितले आहे, मापात किंवा जागेत नव्हे. खोली ३ मधील ‘वीतभर’ हे मापही मिलिमीटरांत फिरवू नये. वीत ही सुमारे नऊ इंचांची. पण ती मोजून सांगितलेली नाही, नजरेने सांगितलेली आहे. ‘२३० मिलिमीटर’ असे लिहिल्याने त्या मापाला नसलेली अचूकता चिकटते. ‘दीड इंच’ हे मात्र मोजपट्टीचे माप आहे. ते ‘दीड इंच, सुमारे ३८ मिलिमीटर’ असे दोन्ही प्रकारे लिहिण्यास हरकत नाही.

३-०५ येथील ‘पहिल्या खोलीत’ हा प्रयोग फसवा आहे. नकाशाच्या भाषेत पहिली खोली म्हणजे खोली १. पण वहीत त्या वेळी मजला ‘वरचा’ असून बोलणारा जिन्याच्या डोक्याशी आहे. फेरीच्या भाषेत पहिली म्हणजे प्रथम लागणारी, अर्थात खोली ५. अशीच शेवटची म्हणजे खोली ८. क्रमवाचक शब्द आणि क्रमांक यांतील हा भेद सुटला, तर ओल वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे उडी घेते.

५. डावे-उजवे आणि पुढचे-मागचे

दिशावाचक शब्द दोन प्रकारचे असतात. डावे-उजवे हे बोलणाऱ्याच्या शरीरावरून ठरतात. पुढचे-मागचे हे कधी बोलणाऱ्यावरून, तर कधी वस्तूवरून ठरतात; घराला स्वतःचे पुढचे दार असते, म्हणून घराची मागची बाजू बोलणारा कोठेही असला तरी बदलत नाही.

०-१० येथे बोलणाऱ्याने स्वतःच तोंडाची दिशा सांगितली आहे. दारातून आत शिरताना तोंड उत्तरेस, म्हणून समोरची भिंत उत्तरेची आणि डावा कोपरा वायव्येचा. सूचीत ‘डावा’ हा शब्द न ठेवता ‘वायव्य’ लिहावा. कारण गवंडी खिडकीबाहेरून पाहू लागला की डाव्याचे उजवे होते, वायव्येचे काही होत नाही.

४-३० येथील वाक्याचे मात्र दोन अर्थ होतात. ‘मागची भिंत’ म्हणजे इमारतीची मागची बाजू असे घेतले तर ती उत्तरेची भिंत. तिच्याकडे तोंड केले असता डावा कोपरा वायव्येचा. ‘मागची भिंत’ म्हणजे आत शिरलेल्या माणसाच्या पाठीमागची असे घेतले तर ती दाराची, दक्षिणेची भिंत. तिच्याकडे वळून पाहिले असता डावा कोपरा आग्नेयेचा. एका खोलीचे हे दोन कोपरे परस्परांच्या अगदी समोरासमोर पडतात. ‘उजवीकडं, नाही नाही, डावीकडं’ ही दुरुस्ती बोलणारा मध्येच वळल्याची खूण असू शकते, म्हणजे तीही शंका मिटवीत नाही. ‘खालच्यासारखीच’ हा शब्द पहिल्या अर्थाकडे झुकतो, कारण खोली ८ च्या बरोबर खाली खोली १ आहे आणि तेथील भेग वायव्य कोपऱ्यात आहे. तथापि ‘सारखी’ म्हणजे सारख्या जागी की सारख्या स्वरूपाची, हे त्या शब्दावरून ठरत नाही. म्हणून ही नोंद ‘वायव्य कोपरा (अनुमानित)’ अशी करून अभियंत्याच्या छायाचित्राशी ताडून पाहावी.

६. ‘पर्यंत’, ‘काही नाही’ आणि मौन

‘खालून लिंटलपर्यंत’ या शब्दांवर थोडे थांबले पाहिजे. मराठीतील ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय सीमा सांगते, पण ती सीमा आत धरली आहे की बाहेर ठेवली आहे हे सांगत नाही. ‘सोमवारपर्यंत’ यात सोमवार धरावयाचा की नाही यावरून रोज वाद होतात. येथे वाद अधिक गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्यू पावली. मातीच्या चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीच्या माळवदांचा प्रचंड भार ही त्या संहाराची प्रमुख कारणे होती. त्या भिंतींचे आतले व बाहेरचे थर जोडदगडांवाचून सुटे झाले आणि कोपऱ्यांत लगतच्या भिंती परस्परांपासून फाटल्या. तोपर्यंत हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात गणला जात असे. २००२ मध्ये मानकाची सुधारणा झाली तेव्हा ते क्षेत्रच रद्द झाले आणि लातूर तिसऱ्या क्षेत्रात आले. नंतरच्या बांधकामात जोते, लिंटल आणि छत या पातळ्यांवर भिंतींना सर्व बाजूंनी बांधणारे प्रबलित पट्टे घालण्यावर जो भर दिला गेला, तो लगतच्या भिंती कोपऱ्यात एकत्र राहाव्यात म्हणून.

अशा इमारतीत कोपऱ्यातील भेग पट्ट्याखाली थांबली असेल तर पट्टा आपले काम करतो आहे असे समजण्यास जागा राहते. ती पट्टा भेदून गेली असेल तर प्रश्न निराळाच होतो. ‘लिंटलपर्यंत’ हे दोन्हींना लागू पडते. म्हणून सूचीत ‘लिंटलपर्यंत, लिंटलच्या पट्ट्यात शिरली की नाही ते पाहावे’ अशी नोंद हवी.

१-२० येथील ‘दोन नंबरला काही नाही’ हीदेखील एक नोंद आहे. पाहिले आणि दोष आढळला नाही, असा तिचा अर्थ. ७-३० ला तीच खोली पुन्हा येते आणि चौकट सुटल्याचे कळते. येथे फेरी मागे वळली. पण बोलणारा शरीराने खोली २ मध्ये नाही, केवळ स्मरणाने तेथे गेला आहे. वहीतील स्थान त्या वेळी ‘बाहेर, मागे’ असे असले तरी या वाक्याला ते लावू नये. तसेच आधीची ‘काही नाही’ ही नोंद रद्द करणे विसरू नये; एरवी एकाच खोलीविषयी परस्परविरोधी दोन वाक्ये सूचीत राहतात.

याहून निराळे ते मौन. खोली ७ चा टिपणात उल्लेखच नाही. खोली ६ चा उल्लेख फक्त सामाईक भिंतीपुरता आहे. याचा अर्थ तेथे दोष नाहीत असा करता येत नाही. कदाचित खोली कुलूपबंद असेल. ‘दोष नाही’ आणि ‘नोंद नाही’ हे दोन वेगळे शेरे सूचीत असावेच लागतात.

७. सूचीचा क्रम

आता नोंदी कोणत्या क्रमाने लावाव्यात? खोल्यांच्या क्रमांकाने लावणे हा सरळ मार्ग वाटतो. पण या इमारतीत क्रमांक जिन्यावरून पडलेले असल्याने खोली १ ची भेग सूचीच्या आरंभी आणि तिच्यावरच्या खोली ८ ची भेग शेवटी जाईल. क्रमांक हे नाव आहे, जागा नव्हे.

मराठवाड्यातील जुन्या घरांत लांबी खणांनी मोजण्याची रीत होती; दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. जागा सांगताना ‘तिसऱ्या खणात’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला ती सापडे, मग त्या खणात खाली धान्य असो वा वर माळवद. हाच शब्द येथे एका खोलीच्या रुंदीएवढ्या उभ्या पट्ट्यासाठी घेतला तर इमारतीचे पश्चिमेकडून चार खण पडतात: पहिल्यात खोल्या १ व ८, दुसऱ्यात २ व ७, तिसऱ्यात ३ व ६, चौथ्यात ४ व ५, पाचवा भाग जिन्याचा. सामाईक भिंत नेहमी पश्चिमेकडील खणात धरावी आणि दुसऱ्या खणात फक्त निर्देश करावा. प्रत्येक खणात नोंदी बाहेरून आत व खालून वर लावाव्यात. प्रत्येक नोंदीपुढे टिपणातील वेळ द्यावी, म्हणजे शंका येताच मूळ आवाजाकडे जाता येते. नमुन्यातील सूची अशी होते:

पहिला खण
१. बाहेर, वायव्य कोपरा: पावसाच्या पाण्याचा पाइप खालून तुटला, पाणी जोत्याशी पडते. (६-४०)
२. बाहेर, वायव्य कोपरा: जोत्याभोवतीची फरशी दीड इंच, सुमारे ३८ मिलिमीटर, बसली. (६-४०)
३. खोली १, उत्तर भिंत, वायव्य कोपरा: उभी भेग, खालून लिंटलपर्यंत, ३ मिलिमीटर. लिंटलच्या पट्ट्यात शिरली की नाही ते पाहावे. (०-१०)
४. खोली १, उत्तर भिंत: खिडकीखाली ओल, गिलावा फुगला. खिडकी कोणती ते ठरवावे. (०-४८)
५. खोली ८, उत्तर भिंत, वायव्य कोपरा (अनुमानित): भेग, २ मिलिमीटर, ‘खालच्यासारखीच’. छायाचित्राशी ताडावे. (४-३०)

दुसरा खण
६. खोली २, दार: चौकट भिंतीतून सुटली. (७-३०, १-२० ची नोंद रद्द)
खोली ७: नोंद नाही. पाहणी झाली की नाही ते विचारावे.

तिसरा खण
७. खोली ३, मधला बीम, खालची बाजू: कव्हर सुटले, सळई उघडी व गंजलेली, जागा ‘वीतभर’. (१-३५)
८. खोली ५ व ६ मधील भिंत: केसासारख्या भेगा. अभियंत्याचे अनुमान: गिलाव्यापुरत्या. सूचना: गिलावा तोडून पाहावा. (५-१५)
खोली ६: इतर नोंद नाही. विचारावे.

चौथा खण
९. खोली ४, बीम: कव्हर सुटले, सळई दिसत नाही. बीम कोणता ते ठरवावे. (२-१०)
१०. खोली ५, छत, पंख्याच्या हुकाजवळ: ओल. (३-०५)
खोली ५ व ६ मधील भिंत: नोंद ८ पाहावी.

जिना
११. खालून तिसरी पायरी: धार तुटली. (३-०५)

८. पडताळा

सूची पूर्ण झाली की दोन दिशांनी मोजणी करावी. टिपणात निरीक्षणवाक्यांचे बारा गट आहेत. त्यांपैकी १-२० चा गट ७-३० ने रद्द केला, म्हणून अकरा नोंदी राहतात. प्रत्येक नोंदीवरून मूळ वाक्याकडे आणि प्रत्येक वाक्यावरून नोंदीकडे जाता आले पाहिजे. एखादे वाक्य दोन नोंदींत गेले किंवा एकाही नोंदीत गेले नाही तर मोजणीतच ते उघडकीस येते. ६-४० ला एकाच श्वासात सांगितलेले पाइप आणि फरशी हे दोन दोष एका नोंदीत कोंबले गेले असते तर पाइप बदलताच ती नोंद ‘पूर्ण’ म्हणून खोडली गेली असती आणि बसलेली फरशी विसरली गेली असती.

पडताळ्याचा दुसरा भाग जागेवर व्हावयाचा. ज्याने टिपण ऐकले नाही अशा माणसाच्या हाती सूची द्यावी आणि त्याने प्रत्येक जागेवर जाऊन बोट ठेवावे. तो कोठे थबकतो हे पाहावे. तेथे नकाशाच्या भाषेत फेरीचा एखादा शब्द राहून गेला आहे असे समजावे. शंकेच्या नोंदी मात्र अभियंत्याकडेच गेल्या पाहिजेत. नमुन्यात लिंटल, खिडकी, बीम, कोपरा आणि पाहणी न झालेल्या खोल्या असे पाच प्रश्न राहतात. ते विचारण्यास पाच मिनिटे पुरतात. न विचारता मिटवले तर त्यांतील प्रत्येक उत्तर अंदाज ठरते.

आता सूचीचा पहिला खण पुन्हा वाचावा. टिपणात खोली १ ची भेग आरंभी होती, खोली ८ ची भेग चार मिनिटांनी आली आणि तुटलेला पाइप व बसलेली फरशी त्यानंतर दोन मिनिटांनी. बोलणाऱ्याने त्यांचा परस्परसंबंध कोठेही सांगितला नाही, कदाचित त्याच्या ध्यानात आलाही नसेल. सूचीत मात्र त्या चार नोंदी एकाच कोपऱ्यात, जमिनीपासून वरच्या मजल्यापर्यंत, एकीखाली एक उभ्या राहिल्या. या भागातील काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते, हे जाणणाऱ्या अभियंत्याला ही रांग पाहताच त्या कोपऱ्याचा पाया तपासावासा वाटेल. अशा मातीवरील भेगा ऋतूप्रमाणे उघडझाप करतात. म्हणून सूचीच्या माथ्यावर पाहणीचा दिनांकही हवा. उन्हाळ्यातले ३ मिलिमीटर आणि भाद्रपदातले ३ मिलिमीटर हे एकच माप नव्हे.

तरीही सूची करणाराने या चार नोंदींखाली ‘कारण: पाया खचला’ असे लिहू नये. ते त्याने ऐकलेले नाही. अनुमानाचा अधिकार अभियंत्याचा आहे. त्याला ते करता यावे अशा रीतीने नोंदी शेजारी आणणे आणि खोली ८ मधील कोपरा अद्याप अनुमानित आहे हे स्पष्ट दिसेल असे ठेवणे, येथे रूपांतर करणाऱ्याचे काम संपते. तो कोपरा वायव्येचा नसून आग्नेयेचा निघाला, तर वरची भेग या रांगेतून बाहेर पडेल आणि त्या पायाविषयीचा प्रश्न तळमजल्यापुरताच उरेल.